स्मरणपत्र

माझ्या भाचीची पुण्यातल्या एका कंपनीत शेवटची मुलाखत झाली ती ६ मार्च २०२५ रोजी, गुरुवारी. पाचवा रोजा होता. जागा अकाउंट्स पेएबलची, म्हणजे पुरवठादारांची बिलं तपासायची, खरेदीच्या ऑर्डरशी ताडून पाहायची आणि पैसे चुकते करायचे. आधी फोनवर बोलणं झालं, मग एक्सेलची परीक्षा, मग मॅनेजरची मुलाखत आणि शेवटी फायनान्सच्या प्रमुखांशी व्हिडिओवर चाळीस मिनिटं. शेवटी रिक्रूटर मॅडम म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात कळवते." पोरगी खोलीतून बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की बरं झालंय.

त्यानंतर दोन आठवडे काही नाही. ना फोन, ना मेल.

बाहेरच्याला यात काय एवढं, असं वाटेल. आमच्या घरात मात्र या दोन आठवड्यांना फार अर्थ होता. पोरगी बीकॉम झाली, दोन वर्षं सोलापुरात एका करसल्लागाराकडे टॅली आणि जीएसटीचं काम करते. पुण्याला एकटीने जाऊन राहायला तिच्या अब्बूंनी हो म्हणायलाच तीन महिने घेतले होते. अशी परवानगी मिळते तेव्हा ती कायमची मिळालेली नसते. रोज कुणीतरी येऊन तिचा एकेक टवका काढतं. "अजून बोलावलं नाही ना? मग असू दे, इथेच काहीतरी बघू." त्यात १८ तारखेला इथल्याच एका टॉवेलच्या कारखान्याने तिला लेखी ऑफर दिली. पगार महिना अठरा हजार, पुण्यात सत्तावीसच्या आसपास मिळाला असता. कारखान्याला उत्तर हवं होतं मंगळवारी, २५ तारखेपर्यंत.

२० तारखेच्या सेहरीला ती माझ्याकडे फोन घेऊन आली. "मामू, मेल करूं तो उन्हों को बुरा तो नै लगेगा ना?"

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. पत्रलेखन हा दोन्ही विषयांतला परीक्षेचा प्रश्न, त्यामुळे माझ्या हातून हजारो अर्ज तपासून गेलेत. तिने लिहिलेला मजकूर वाचला आणि मला तो ओळखीचा वाटला. इंग्रजी होता, पण पिंड आपल्या अर्जाचा होता. 'रिस्पेक्टेड मॅम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट...' अशी सुरुवात. हे वाक्य म्हणजे उर्दू दरख्वास्तीतलं 'मुअद्दबाना गुज़ारिश है'. मधे आपली घरची परिस्थिती, आपल्याला या नोकरीची किती गरज आहे, आपण किती मेहनत घेऊ. शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' आणि 'वेटिंग फॉर युअर पॉझिटिव्ह रिप्लाय'. आपल्या 'तरी मेहेरबानी करून योग्य ती कार्यवाही व्हावी' याचंच ते कोट-पँट घातलेलं रूप.

हा मजकूर वाईट नव्हता. तो चुकीच्या प्रकारातला होता. अर्ज आपण करतो तेव्हा देणारा वर असतो, मागणारा खाली आणि दोघांमध्ये अजून काही घडलेलं नसतं. इथे तर चार फेऱ्या झाल्या होत्या. कंपनीने तिच्यावर चार माणसांचा वेळ घातला होता, तिने कामावरून दोन अर्ध्या रजा काढल्या होत्या, आणि कळवण्याचा शब्द समोरून आला होता. इथे अर्ज करायचं काही कारण उरत नाही. इथे लागतं ते स्मरणपत्र.

स्मरणपत्र हा शब्द सरकारी कचेरीतला. पण ज्याने शिक्षणाधिकारी कार्यालयाशी दोन-चार वर्षं पत्रव्यवहार केलाय त्याला त्याची ताकद माहीत असते. त्याच्यावर 'विषय' असतो आणि त्याखाली 'संदर्भ' असतो: आपलं अमुक तारखेचं पत्र, या कार्यालयाचं तमुक तारखेचं पत्र. मग 'उपरोक्त विषयास अनुसरून' म्हणून एकच गोष्ट विचारलेली असते. त्यात गयावया नसते आणि संतापही नसतो. हा विषय सुरू आहे, तो तुमच्या टेबलावर आहे, आणि आम्हाला उत्तराची गरज आहे, एवढंच ते सांगतं. भाचीला मी तेच सांगितलं. नवा मेल काढू नकोस. ज्या मेलमध्ये त्यांनी शेवटच्या मुलाखतीची वेळ कळवली होती त्यालाच उत्तर दे. खाली जुना सगळा पत्रव्यवहार आपोआप येतो. तोच आपला संदर्भ. एकाच वेळी वीस-पंचवीस जागा भरणाऱ्या बाईला 'मी कोण' हे आठवायला लावायचं नाही. खाली बोट सरकवलं की दिसलं पाहिजे.

तिचा मोठा भाऊ शेजारी बसून खजूर खात होता. त्याचं म्हणणं वेगळं होतं. "लिही त्यांना, तुम्ही शब्द पाळला नाही. आमच्या वेळेला काही किंमत आहे की नाही?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या मेलला उत्तर काय येणार? 'सॉरी फॉर द डिले.' आपल्या हाती माफी येईल आणि तारीख येणार नाही. आम्हाला तारीख हवी होती.

लिहिण्याआधी मी एक फोन केला. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या एचआरमध्ये आहे. ही कंपनी ती नव्हे. सेहरीनंतर तोही जागाच असणार, म्हणून लावला. मला जाणून घ्यायचं होतं की शेवटच्या मुलाखतीनंतर पडद्यामागे होतं तरी काय. त्याने जे सांगितलं ते मला पुढच्या सगळ्या दिवसांत उपयोगी पडलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, रिक्रूटर निर्णय घेत नाही. तो निरोप्या असतो, आणि निरोप त्याच्यापर्यंत आला तरच देतो. मुलाखत घेणाऱ्यांनी आपलं मत लेखी नोंदवायचं असतं. फायनान्सचा प्रमुख मार्चमध्ये वर्षअखेरच्या हिशेबात बुडालेला असला तर ती नोंदच आठ-दहा दिवस होत नाही. मग पगार ठरतो, म्हणजे त्याच टेबलावर आधीपासून बसलेल्यांना काय मिळतं ते पाहून आकडा बसवतात. मग मंजुरी. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, त्यामुळे नवी जागा या वर्षाच्या खर्चात धरायची की एप्रिलनंतरच्या, हा घोळ मार्चमध्ये हमखास. मंजुरीनंतर ऑफर. यातल्या कुठल्याही पायरीवर कागद अडकला की बाहेर दिसते ती शांतता सारखीच.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती मला ठाऊक नव्हती. "सर, बहुतेक वेळा दोघे पसंत पडलेले असतात. एक नंबरवाल्याला ऑफर जाते. तो आधीच्या नोकरीत असतो, त्याची नोटीस तीस दिवसांची, साठ दिवसांची, कधी नव्वद दिवसांची. तो हो म्हणतो, ते पत्र आपल्या जुन्या साहेबाला दाखवतो, तिथे पगार वाढतो, आणि मग तो येतच नाही. म्हणून दोन नंबरच्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही. आणि हो तर म्हणता येत नाही. निवड झाल्याच्या पत्राचा नमुना आमच्याकडे असतो, नकाराच्या पत्राचा असतो. दोन नंबरवाल्याला काय लिहायचं, याचा नमुना कुणाकडे नसतो."

या एका वाक्याने माझ्यापुरता बराच उलगडा झाला. दोन आठवड्यांचं मौन बऱ्याचदा नकार नसतं. नकार द्यायला फारसं काही लागत नाही, एक बटण दाबलं की जातो. अर्थात काही कंपन्या नकारही कळवत नाहीत, तेव्हा मौन म्हणजे आशा असंही समजायचं कारण नाही. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला यातला फरक ओळखता येत नाही, आणि म्हणूनच विचारावं लागतं.

आणखी एक गोष्ट त्याने विचारली. मधे रिक्रूटर कंपनीची आहे की कन्सल्टन्सीची? कन्सल्टन्सीवाल्याला उमेदवार रुजू झाल्यावर कंपनीकडून पैसे मिळतात. दुसऱ्या कुणाची निवड झाली की आपल्याला फोन करण्यात त्याचा काही फायदा उरत नाही, आणि बऱ्याचदा कंपनीने त्यालाही काही सांगितलेलं नसतं. तिथे मेलपेक्षा थेट फोन बरा. भाचीच्या मॅडमचा मेल कंपनीच्याच पत्त्यावरून आला होता, म्हणून आम्ही मेलच ठरवला.

आता दोन आठवड्यांचा हिशेब. ६ मार्च ते २० मार्च म्हणजे चौदा दिवस, पण मधले दोन शनिवार-रविवार गेले, १४ तारखेची धुळवड गेली. उरतात कामाचे नऊ दिवस. आपल्या बाजूने पाहिलं तर चौदा रात्री, त्यांच्या बाजूने नऊ दिवस, आणि तेही मार्चमधले. कळवायला सांगितलेली मुदत १४ तारखेला संपली होती. त्यानंतर तीन कामाचे दिवस जाऊ दिले होते. विचारायला ही वेळ रास्त होती, ना घाईची ना उशिराची. शिवाय मंगळवारची मुदत डोक्यावर होती. गुरुवारी विचारलं तर त्यांच्या हाती गुरुवार, शुक्रवार आणि सोमवार राहतो. सोमवारी विचारलं असतं तर एकच दिवस.

मेल तिने इंग्रजीतच लिहिला. त्याचा मजकूर मराठीत असा:

"नमस्कार मॅडम,

अकाउंट्स पेएबल एक्झिक्युटिव्ह या जागेसाठी ६ मार्चला माझी फायनान्स प्रमुखांसोबत शेवटची मुलाखत झाली. पुढच्या आठवड्यात कळवू, असं आपण त्या दिवशी म्हणाला होतात. त्या संदर्भात हा मेल.

ही जागा अजून खुली आहे का, आणि माझ्याबाबतचा निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होईल, हे कळवाल का?

मला दुसऱ्या एका ठिकाणाहून लेखी ऑफर आली आहे आणि त्यांना मंगळवार, २५ मार्चपर्यंत उत्तर द्यायचं आहे. माझी पसंती आपल्याकडच्या कामाला आहे, म्हणून त्यांना उत्तर देण्याआधी आपल्याला विचारत आहे.

निवड झाल्यास तीस दिवसांच्या नोटीसनंतर मी रुजू होऊ शकते. काही कागदपत्रं हवी असतील तर आजच पाठवते."

खाली नाव आणि मोबाइल नंबर. बस.

यातल्या एका वाक्यावर आमच्यात वाद झाला. दुसऱ्या ऑफरचं सांगावं की नाही? आपाचं, म्हणजे तिच्या अम्मीचं म्हणणं होतं की ही धमकी वाटेल, ते म्हणतील जा मग तिकडे. माझं मत वेगळं होतं. धमकी तेव्हा वाटते जेव्हा ऑफर खोटी असते किंवा पगार वाढवायला ती पुढे केलेली असते. इथे ऑफर खरी होती, लेखी होती, तारीख खरी होती, आणि पगाराचा शब्दही काढलेला नव्हता. मुख्य म्हणजे हे वाक्य रिक्रूटरसाठी होतं. तिला फायनान्सच्या प्रमुखाकडे जाऊन आठवण करायची तर हातात काहीतरी कारण लागतं. 'उमेदवार विचारतेय' हे कारण कच्चं. 'मंगळवारनंतर ती मिळणार नाही' हे कारण घेऊन ती त्याच्या दारावर टकटक करू शकते. आणि समजा त्यांनी खरंच 'तुम्ही ती ऑफर घ्या' असं कळवलं, तर ते मंगळवारच्या आत कळलेलं काय वाईट? दुसरी ऑफर हातात नसती तर मात्र हे वाक्य टाकू नको, असंच मी म्हणालो असतो. नसलेल्या ऑफरची भीती घातली आणि समोरून 'शुभेच्छा' आल्या, तर परतायला दार राहत नाही.

आणि घरची परिस्थिती? ती का गाळली, असं आपाने विचारलं. ती खोटी नव्हती. पण निरोप्याला ती पुढे नेता येत नाही. मंजुरीच्या कागदावर तिच्यासाठी रकाना नसतो.

मेल तयार झाला तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. लगेच पाठवायला निघाली होती. रमजानमध्ये आपण या वेळी जागे असतो, समोरच्या माणसाला मात्र पहाटे साडेपाचचा मेल पाहून पोरगी रात्रभर झोपली नाही असंच वाटेल. फोनमध्ये वेळ लावून पाठवायची सोय आहे. तिने सकाळी सव्वादहाची वेळ लावली आणि झोपली. प्रमुखांना प्रत पाठवायची का, असंही ती विचारत होती. पहिल्या आठवणीला नाही. एखाद्याच्या साहेबाला प्रत जाते तेव्हा कागद आठवणीचा राहत नाही, तक्रारीचा होतो. हा नियम शिक्षण खात्यात जितका खरा तितकाच तिकडेही असणार.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. उत्तर नाही.

शनिवारी तरावीहनंतर गच्चीवर तिने तो प्रश्न विचारला जो आमच्या घरात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. "मामू, नाम की वजह से तो नै ना?"

या प्रश्नाला 'छे, असं काही नसतं' म्हणून टाळणं मला जमत नाही. असं असतं, हे मोजूनही झालंय. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला होता. त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलून. उच्च जातीच्या हिंदू नावाच्या मानाने दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. पण तो अभ्यास पहिल्या दारातला आहे, अर्ज पाहून बोलावायचं की नाही तिथला. ते दार ती ओलांडून आली होती. तिचं नाव त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी चार वेळा बोलणं झालं होतं. याचा अर्थ शेवटच्या खोलीत कुणाच्या मनात काही आलंच नसेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढंच सांगितलं की मार्चअखेर, मंजुरी आणि दोन नंबर, या तिन्ही कारणांनी अशीच शांतता पसरते, आणि ही कारणं कुठल्याही नावाच्या माणसाला भोवतात. आणि दुसरं म्हणजे, कारण कोणतंही असलं तरी मंगळवारी काय करायचं ते बदलत नाही. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंगळ कू क्या करना, ये तो सोचना पडेगा."

सोमवारी दुपारी बारा वाजता तिने एकदाच फोन लावला. उचलला गेला नाही. व्हॉट्सअॅप करू का, म्हणाली. त्या मॅडमनी आधी कधी व्हॉट्सअॅपवर बोलणं केलं नव्हतं, म्हणून नको म्हटलं. फोनवर मिस्ड कॉल दिसतोच, आणि मेल समोर पडलेला असतो. दोन्ही मिळून पुरे.

चार वाजून चाळीस मिनिटांनी मेल आला. तीन ओळी. उशिराबद्दल दिलगिरी. आपली उमेदवारी विचाराधीन आहे. या जागेच्या क्लोजरची वाट पाहत आहोत, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कळवू.

पोरगी 'विचाराधीन' शब्दाला चिकटून बसली. मी तो मेल माझ्या विद्यार्थ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, विचाराधीन शब्दातून काहीच कळत नाही, तो टाकायचाच असतो. पाहायच्या त्या दोन गोष्टी. त्यांनी कागदपत्रं मागितली का? तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, आधीच्या नोकरीचं पत्र, पगाराची अपेक्षा, यातलं काही मागितलं तर ऑफर तयार होतेय असं धरायला जागा असते. ती आपणहून देऊ म्हणाली होती, तरी त्यांनी मागितली नाहीत. दुसरं, २५ तारखेचं कळूनही त्यांनी ती तारीख गाठायचा प्रयत्न केला नाही. एक नंबरला घ्यायचं असतं तर एखादा फोन तरी आला असता, तोंडी का होईना, थांबा म्हणाले असते. म्हणजे एक तर ऑफर दुसऱ्या कुणाकडे आहे, नाहीतर जागेची मंजुरीच एप्रिलवर गेलीय. "यातलं कुठलं ते मी इथून नाही सांगू शकत सर. पण दोन्हीत मंगळवारी तिच्या हातात पत्र नाही."

आम्हाला कारण कळलं नाही, पण तारीख कळली, आणि मेल त्यासाठीच होता. निर्णय आधीच झालेला किंवा अडकलेला असतो, आठवण करून तो आपल्या बाजूने फिरत नाही. पण एप्रिलचा दुसरा आठवडा हा शब्द हातात आल्यावर तिला निदान मोजता आलं. एकीकडे सत्तावीस हजारांची, पण न लिहिलेली शक्यता. त्यातून पुण्याचं भाडं-खाणं वजा करायचं. दुसरीकडे अठरा हजारांचं लेखी पत्र, घरून जाऊन-येऊन.

तिने कारखान्याला मंगळवारी फोन करून दोन आठवड्यांची मुदत मागितली. मालकांनी शुक्रवारपर्यंत दिली, पुढे नाही म्हणाले. तीन दिवस जास्तीचे मिळाले, पण पुण्याची तारीख त्याच्या पलीकडेच राहिली. करसल्लागाराकडचा राजीनामा मात्र तिने तोवर टाइपही केला नव्हता, हे मला फार आवडलं. तोंडी होकारावर, 'विचाराधीन'वर नोकरी सोडून बसलेली दोन मुलं माझ्याच गल्लीत आहेत.

२८ तारखेला, रमजानच्या शेवटच्या जुम्याला, तिने कारखान्याला लेखी होकार दिला आणि त्यांच्याकडून रुजू होण्याची तारीख लेखी घेतली, मेचा पहिला आठवडा. मग करसल्लागाराला राजीनामा. संध्याकाळी इफ्तारच्या आधी तिने पुण्याला, त्याच जुन्या मेलच्या खाली, दोन ओळी लिहिल्या. मी दुसरी ऑफर स्वीकारली आहे, म्हणून या वेळी माझं नाव काढून टाकावं. आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार, पुढे योग्य जागा निघाली तर जरूर कळवा. अब्बू म्हणाले, ते कळवत नव्हते तर आपण कशाला कळवायचं? ती म्हणाली, मला कसं वाटत होतं ते मला माहीत आहे, त्यांनाही कळू दे कुठे उभे आहोत ते.

त्या मेलला सात मिनिटांत उत्तर आलं. कळवल्याबद्दल मनापासून आभार, शुभेच्छा, संपर्कात राहू. संपूर्ण पत्रव्यवहारातलं सगळ्यात झटपट उत्तर, आणि तेही ज्यात काहीच विचारलं नव्हतं अशा मेलला. पोरगी हसत सुटली, शरबताचा ग्लास सांडता सांडता राहिला.

एप्रिलचा दुसरा आठवडा आला आणि गेला. कंपनीच्या पोर्टलवर तिच्या नावापुढे त्यानंतरही कितीतरी दिवस 'अंडर रिव्ह्यू' असंच दिसत होतं.